बांबूच्या चमच्यांचा सेट, चार महिन्यांत तडा आणि बुरशी, आणि तुमचा चुकीचा सल्ला

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी नागपूरला मानेवाड्यात राहते. मे महिन्यात तुमचा पाच बांबू चमच्यांचा सेट ऑनलाइन घेतला, नॉनस्टिकला ओरखडे पडू नयेत म्हणून. ऑगस्ट संपायच्या आत त्यातले तीन चमचे खराब झाले. मी फोटो पाठवले तर तुमच्याकडून तीन ओळींचं उत्तर आलं की डाग हळदीचे आहेत, चमचे उन्हात ठेवा आणि खायचं तेल लावा. मी हे दोन्ही करून पाहिलं, आणि त्यानंतरच हे पत्र लिहायला बसले, कारण या सल्ल्याने चमचे सुधारले तर नाहीच, उलट आणखी बिघडले.

आधी डागांचं सांगते. आमच्याकडे तर्रीवाली भाजी होते, पाटवडी रस्सा होतो, हळद तिखट भरपूर असतं, त्यामुळे चमचा पिवळा पडणार हे मला माहीत आहे नं, त्याची तक्रारच नाही. पण ऑगस्टमध्ये दोन दिवस चांगलं ऊन पडलं तेव्हा मी चमचे गच्चीवर ठेवले. हळदीचा रंग उन्हाने उडतो, तसा तो उडाला, चमचा बराच फिका झाला. पण दांडा जिथे खोलगट भागाला मिळतो तिथले काळे ठिपके जसेच्या तसे राहिले, आता तर ते आणखी ठळक दिसायला लागले. घासणीने घासले, गरम पाण्यात धुतले, तरी जात नाहीत, आणि नाकाजवळ नेला की बंद कपाटात ओला कपडा राहिल्यावर येतो तसा वास येतो. ही बुरशी आहे, हळद नाही.

बरं, ती तिथेच काऊन झाली? आमच्या गल्लीत एक सुतारकाका आहेत, त्यांना चमचा दाखवला तर त्यांनी मला विचारून तो दांड्यापाशी करवतीने आडवा कापला. आतमध्ये तीन पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या दिसत होत्या आणि मधल्या जोडावर केसाएवढी काळी रेघ, थेट आतपर्यंत गेलेली. म्हणजे वरून मला जी बारीक भेग दिसत होती ती बांबूची नव्हती, तुमच्या गोंदाचा जोड सुटला होता. पाणी त्या फटीत जात होतं, वरून लाख मारलेली असल्याने बाहेर पडत नव्हतं, आणि ओल आत साठली की बुरशी येणारच. बांबू म्हणजे गवताचाच प्रकार, त्यात पिष्ट असतं, ते बुरशीला आणि किड्याला दोघांनाही आवडतं. म्हणून तर बांबूचं काम करणारे आपल्याकडे बांबू कापल्यावर बरेच दिवस पाण्यात भिजत ठेवतात, पिष्ट निघून जावं म्हणून. तुम्ही कच्चा माल कसा तयार करता ते मला माहीत नाही, पण डब्यावर नुसतं "नैसर्गिक बांबू" लिहिलंय, चिकटवलेल्या पट्ट्यांचा आहे हे कुठेच नाही. ते लिहिलं असतं तर मी घेतलाच नसता, किंवा निदान सांडशीसारखा सिंकमध्ये रात्रभर पडू दिला नसता.

हो, माझी चूक पण सांगते. सुरुवातीला दोन-तीन वेळा रात्री चमचा पाण्यात राहिला आणि नंतर मी स्टँडमध्ये खोलगट भाग वर करून उभा ठेवायची, दांड्याचं टोक खालच्या साचलेल्या पाण्यात बुडून. आडवं कापलेलं टोक पाणी सगळ्यात जास्त ओढतं, हे काकांनीच सांगितलं. पण तुमच्या सूचनापत्रकात याबद्दल एक शब्द नाही, फक्त "साबणाने धुवा" एवढंच आहे.

आता तेल. तुम्ही म्हणालात खायचं तेल लावा, म्हणून मी घरचं सोयाबीन तेल उरलेल्या दोन चमच्यांना चोळलं आणि रात्रभर ठेवलं. जिथे तुमची लाख शाबूत होती तिथे तेल आत शिरलंच नाही, वर चिकट थर बसला. जिथे लाख उडाली होती तिथे तेल मुरलं, पण साधं खायचं तेल लाकडात घट्ट होत नाही, तसंच ओलं राहतं आणि हळूहळू खवट होतं. आठेक दिवसांत वास यायला लागला, आणि एकदा त्याच चमच्याने शिरा हलवला तर तो वास शिऱ्यात उतरला, माझ्या मुलीने ताट बाजूला सरकवलं. जवसाचं तेल त्याच्या उलट असतं, ते हवेत हळूहळू कडक होतं. काका स्वतःच्या शिसमाच्या सराट्याला तेच कच्चं घाणीचं तेल अगदी पातळ लावतात, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं सगळं पुसतात आणि आठ-पंधरा दिवस हवेशीर ठेवतात. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल मात्र नाही, कारण त्यात वाळवायसाठी धातूची क्षारं घालतात, ते खायच्या भांड्याला चालत नाही. आणि तेलकट चिंधी गोळा करून ठेवायची नाही, ती आपोआप तापून पेटू शकते, ती पसरून वाळवायची. पण एक लक्षात घ्या, कोणतंही तेल सुटलेला जोड परत चिकटवत नाही, आणि लाख असलेल्या चमच्याला तेलाचा फायदाच नाही. मग तुम्ही ग्राहकाला तेल लावायला काऊन सांगता?

उन्हाचंही तसंच. ऑगस्टचं ऊन सोसलं, पण हाच सल्ला कोणी मे महिन्यात पाळला, जेव्हा इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तर ओला चमचा एकदम सुकून वरचा भाग आधी आकसतो आणि नवी चीर पडते. सावलीत, वारा लागेल अशा जागी, आडवा ठेवूनच वाळवायला पाहिजे.

चमचा कधी टाकायचा हेही मी तुम्हाला विचारलं होतं, त्याचं उत्तर आलंच नाही. मी आता घरी असं ठरवलंय. पृष्ठभागावर नुसते रोम उभे राहिले असतील आणि चमचा अखंड लाकडाचा असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून परत वापरायचा. काळा डाग हलकं घासून गेला तर ठीक, नाही गेला तर तो आतपर्यंत गेलाय, तेव्हा टाकायचा. खोलगट भागात किंवा दांड्याच्या मुळाशी नख अडकेल एवढी भेग असेल तर तिच्यात घासणी पोचत नाही, मग तो कितीही भारी असो, टाकायचा. कडेच्या कपच्या निघत असतील तर लगेच, कारण कपची जेवणात जाते. आणि तुमच्यासारखा चिकटवलेला, लाख मारलेला असेल तर घासूच नये, लाखेचे आणि गोंदाचे कण अन्नात जातील. उकळून बुरशी मारावी म्हटलं तर उकळत्या पाण्याने जोड आणखी सैल होतो, मी एकदा केलं, पुढच्या आठवड्यात भेग बोटभर वाढली.

माझं म्हणणं एवढंच आहे. तीन खराब आणि दोन तेलाने वास मारणारे, असा पूर्ण सेटचा पैसा परत करा, बदली सेट नको. डब्यावर पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, गोंद आणि लाख कशाची आहे ते लिहा, आणि पाण्यात भिजवू नका, जोडावर भेग दिसली की टाका, हे मराठीत आणि हिंदीत छापा. आणि तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलांना खायचं तेल लावा म्हणून सांगणं थांबवायला सांगा, त्यांची चूक नाही, त्यांना वरून जे लिहून दिलंय तेच ते पाठवतात.

कापलेला चमचा मी पिशवीत जपून ठेवलाय. फोटोत जोड दिसला नाही तर कुरियरने पाठवते, पत्ता कळवा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर बिल आणि हा चमचा घेऊन मी ग्राहक आयोगात जाणार आहे.

तुमची ग्राहक,
मानेवाडा, नागपूर