फ्लायव्हीलवर कालावधी नसतो, संपादक महाशय

महोदय,

कालच्या अंकात त्या नव्या मराठी डिझेल पुस्तिकेचं कौतुक वाचलं. आता आमच्या पोरांना इंजिन मातृभाषेत कळणार म्हणे. चांगलंच आहे, मराठीला माझा विरोध असायचं कारण नाही, पण तुमच्या बातमीदाराने पुस्तिका उघडून तरी बघायची होती. आमच्याकडे ती पावसाळ्याआधीच आलीय आणि तिच्यापायी जुलैत काय झालं ते ऐका.

मासेमारी बंद म्हणजे आमचा सीझन, जून-जुलैत मालीमच्या निम्म्या ट्रॉलरांची इंजिनं उघडलेली असतात. एका सहा सिलिंडरच्या इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त होऊन आला, तो आमच्याकडच्या शिकाऊ पोराने बसवला. पोरगा हुशार, पुस्तिका वाचून काम करणारा. पुस्तिकेत इंजेक्शन टायमिंगला लिहिलंय ‘इंधन अंतःक्षेपण कालावधी : 18 अंश’. कालावधी म्हटल्यावर माणूस काय समजेल? त्याने वाचलं की पिस्टन वर पोचल्यावर डिझेल 18 अंशभर पडत राहतं, आणि पंप बरोब्बर टीडीसीवर, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो त्या जागेवर जुळवला. खरं म्हणजे टायमिंग हा फवारा सुरू व्हायचा क्षण, आणि तो टीडीसीच्या 18 अंश आधी हवा होता. पंधराशे आरपीएमला हे 18 अंश म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, पण तेवढ्यानेच सगळं बिघडतं.

इंजिन सुरू व्हायलाच तयार नाही, झालं तर पांढरा धूर, डोळे चुरचुरतात असा. लोड दिला की दम टाकतं आणि एक्झॉस्ट पाइप भलताच तापतो. तांडेल म्हणाला, पात्रांव, पंपवाल्यानेच फसवलं. पंप उत्तम होता! टायमिंग उशिरा असलं की असंच होतं, उलट फार आधी असलं तर धुराऐवजी कडक ठोका ऐकू येतो.

मग मीच बसलो. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर आणला, दोन्ही रॉकर सैल आहेत ना बघितलं, कारण फोर स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो आणि दुसऱ्या वेळेला जुळवलं तर सगळंच उलटं. पंपाच्या एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डर परत लावला, वर वाकडी नळी बसवली. स्टॉप लिव्हर रनवर. हातपंप मारत राहिलं की नळीतून डिझेलची धार लागते. इंजिन थोडं मागे घेऊन मग चालायच्या दिशेनेच हळूहळू फिरवायचं, मागेपुढे केलं की गिअरची ढिलाई आकड्यात शिरते. धार बारीक होत थेंबावर येऊन थांबली म्हणजे पंपाच्या प्लंजरने भोक बंद केलं, तोच आपला क्षण. आमची धार टीडीसीच्या खुणेवरच थांबली, म्हणजे चोर सापडला.

फ्लायव्हीलवर अंश कोरलेले नव्हते, फक्त टीडीसीची खूण. व्यास 400 मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण 1257, भागिले 360, एका अंशाला साडेतीन मिलिमीटर. 18 अंशांना 63. फिरताना जी बाजू टीडीसीच्या आधी पॉइंटरखाली येते तिकडे टेपने 63 मोजून खडूची रेघ मारली, रेघ पॉइंटरखाली आणली, कपलिंगचे बोल्ट सैल केले आणि धार तिथे थांबेपर्यंत पंप फिरवला. व्हॉल्व्ह परत बसवून, एअर काढून स्टार्टर दिला तर पहिल्याच झटक्यात चालू. पुस्तिकेत यातलं काही नाही, नुसता कालावधी! ‘फवारा सुरू : टीडीसीच्या आधी 18 अंश’ एवढंच छापलं असतं तर पोराने पहिल्या दिवशीच केलं असतं, आणि ‘आधी’ हा शब्द काही परका नाही ना?

बातमीतही चुका कमी नाहीत. ‘कॉम्प्रेशन रेशो 17 म्हणजे दाब 17 पट’ असं तुम्ही छापलंय. अहो, जागा 17 पट कमी होते, दाब त्याहून कितीतरी जास्त चढतो कारण दाबताना हवा तापते आणि त्या तापानेच डिझेल पेटतं. रिंगा झिजल्या की गेजवरचा दाब उतरतो, रेशो तिथेच राहतो. टर्बोच्या बूस्टला पुस्तिकेने ‘हवेचा दाब’ म्हटलंय, ते वाचून दुसऱ्या पोराने उभ्या इंजिनाचं गेज शून्यावर बघून ते बाद म्हणून काढायला घेतलं. बूस्ट हा बाहेरच्या हवेवरचा जादा दाब, उभ्या इंजिनाला शून्य नाहीतर काय दिसणार?

आता पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघणार म्हणे, तर छापण्याआधी वर्कशॉपातल्या एखाद्या म्हाताऱ्याला पानं दाखवा, चहासुद्धा नको.

आणि हो, भरती-ओहोटीचं कोष्टक तुम्ही सोमवारी हल्ली गाळता. जाहिरात असली की ते गायब. ट्रॉलरवाले पेपर त्यासाठीच घेतात, अग्रलेखासाठी नाही.

– एक डिझेल मेकॅनिक, बेती