दुसरीच्या बाईंना, एका आईकडून

बाई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते माझ्यासारख्या इतर आयांनाही कळावं असं वाटतं. शिवाय तुमच्या तोंडावर बोलायला गेले की माझा आवाज भरून येतो आणि तुम्ही विषय बदलता.

जूनमध्ये मुलाला तुमच्या वर्गात सोडलं तेव्हा माझ्या हातात डॉक्टरांचा एक कागद होता. त्यावर ‘स्वमग्नतेची लक्षणं’ असं लिहिलं होतं, पुढच्या तपासण्या व्हायच्या होत्या. आधीच्या शाळेत गटकार्य आलं की त्याला कोपऱ्यात चित्रं रंगवायला बसवत. तुम्ही मात्र पहिला आठवडा नुसतं बघत होतात. शुक्रवारी मला म्हणालात, “तो मुलांना घाबरत नाही हो. ‘चला, गट करा’ म्हटलं की बाकं ओढल्याचा आवाज होतो, तेव्हा तो कान झाकतो. आणि मग काय करायचंय, किती वेळ करायचंय, हे त्याला कुणीच सांगत नाही.” दोन वर्षं मी ‘याला माणसं नकोत’ असं धरून चालले होते, बाई.

मग कशानंतर काय करायचं ते दाखवणारी तुमची ती पट्टी आली. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा, शिवणसामानाच्या दुकानातलं वेल्क्रो आणि चित्रं. पहिली पट्टी फसली, हे तुम्हीच हसत सांगितलंत. दिवसभराची नऊ चित्रं एकाखाली एक लावली होती आणि तो सकाळपासून पट्टीसमोरच उभा राहून ती पुन्हा पुन्हा वाचत होता. त्यात चित्रकलेच्या जागी गणित आलं आणि सगळं बिनसलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोनच चित्रं ठेवलीत, ‘आधी’ आणि ‘मग’. आधी गट, मग झोपाळा. ते अंगवळणी पडल्यावर तीन, मग चार. आज पाच आहेत आणि तुम्ही सहावं लावायची घाई करत नाही.

चित्रांचीही गंमतच. इंटरनेटवरून काढलेल्या चित्रात मुलं गोल टेबलाभोवती बसली होती. आपल्या वर्गात गोल टेबल कुठंय? त्याला ते चित्र म्हणजे आपलं गटकार्य हे कळेचना. तुम्ही मोबाइलवर आपल्याच वर्गाचा फोटो काढून झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करून आणलात. त्या फोटोत गट खिडकीपाशी बसला होता, म्हणून हा रोज खिडकीपाशीच बसायला भांडू लागला. शेवटी तुम्ही फोटोतली खिडकी कात्रीनं कापून टाकलीत.

पानांच्या तक्त्याचा तास तुम्ही मला दारातून बघू दिलात, तो अजून डोळ्यांसमोर आहे. बाकं ओढायच्या आधीच तुम्ही त्याला फळ्याकडे पाठवलंत, डस्टर आणायला. आवाज थांबल्यावर तो डस्टर घेऊन आपल्या गटात आला, तेव्हा त्याची जागा ठरलेली होती आणि समोर ताटलीत सहा पानं. पट्टीवर चार फोटो होते: पान उचल, गोंद लाव, पुढच्याला दे, संपलं. गोंदाची बाटली फक्त त्याच्याकडे होती. त्यामुळे बाकी तिघांना त्याच्यावाचून पुढे जाता येत नव्हतं आणि त्यालाही कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती. सहावं पान गेलं, ताटली रिकामी झाली, म्हणजे संपलं. घड्याळ लावायचा प्रयत्न तुम्ही केला होतात, पण टिकटिक त्याला सोसेना आणि वाळूचं घड्याळ आणलं तर तो वाळूच बघत बसला. मोजून संपणारं काम त्याला बरोबर समजलं. झालेल्या कामाचा फोटो पट्टीवरून उचलून लग्नपत्रिकेच्या पाकिटात टाकताना त्यानं पाकिटावर हलकेच थाप मारली. ती थाप आता आमच्या घरीही ऐकू येते.

तुम्ही त्याच्या मागे उभ्या होतात आणि तोंडानं काहीच बोलत नव्हतात. तो थांबला की पट्टीवरच्या फोटोवर नुसतं बोट ठेवायचं. नंतर मला सांगितलंत, “मी बोलले तर तो माझ्याकडे बघायला शिकेल. त्यानं पट्टीकडे बघायला हवं, म्हणजे उद्या मी नसले तरी चालेल.” मुलांनाही एवढंच शिकवलं होतंत, की त्याला विचारलं की मनात पाच आकडे मोजायचे, मगच पुन्हा विचारायचं. आणि तीच पट्टी मोठी करून फळ्यावरही लावली होती, सगळ्यांसाठी. ‘त्याची चित्रं’ असं कुणी म्हणालं नाही. खरं तर दोन-तीन मुलं गुपचूप फळ्याकडे बघून पुढचं काम करत होती.

ही रचना कुठली, असं मी एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या एरिक शॉपलर यांच्या ‘टीच’ या स्वमग्न मुलांसाठीच्या कार्यक्रमाचं नाव घेतलंत. १९७२ पासून तिथे चालणारी पद्धत आपल्या बुटाच्या खोक्यावर येऊन बसली होती.

एक गोष्ट आज कबूल करते. दिवाळीच्या सुट्टीत घरी मीही पट्टी लावली आणि त्यानं दूध सांडलं म्हणून रागानं टीव्हीचा फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पट्टी रिकामी. सगळे फोटो त्यानं गादीखाली लपवले होते. तुम्ही मला रागावला नाहीत. म्हणालात, पट्टी म्हणजे शब्द दिलेला, तिच्यातून शिक्षा म्हणून काही काढायचं नाही. पुन्हा ती भिंतीवर यायला तीन आठवडे लागले.

बदल होणारच नाही असं तुम्ही कधी भासवलं नाहीत. ‘बदल’ लिहिलेलं पिवळं कार्ड केलंत आणि पहिल्यांदा वापरलंत ते चांगल्या बातमीला: शुद्धलेखनाऐवजी झोपाळा. पाच-सहा वेळा तसंच. मग साधे बदल, मग नकोसे. तरी जानेवारीत तुम्ही प्रशिक्षणाला गेलात तो दिवस वाईटच गेला. बदलीवर आलेल्या शिक्षकांना पट्टीचं कुणी सांगितलंच नव्हतं, तो अर्धा तास बाकाखाली होता. परत आल्यावर तुम्ही खिळ्याला पट्टीशेजारी चार ओळींचा कागद अडकवलात: आधी डस्टर, मग गट, बोलू नका, बोट दाखवा, कामाची संख्या ठरवून द्या, त्यानं लाल कार्ड दिलं तर दोन मिनिटं व्हरांड्यात जाऊ द्या.

गोंगाट त्याला आजही सोसत नाही. सहा जणांच्या गटात तो टिकत नाही, चौघांत टिकतो. लाल कार्ड आठवड्यातून एकदा तरी निघतंच. पण परवा गटातली ती दोन वेण्यांची मुलगी गोंद मागत होती आणि यानं बाटली न देता विचारलं, “किती पानं?” ती म्हणाली, “दोन.” त्यानं झाकण उघडून दोनच थेंब टाकले. ती चिडली, हा हसला. घरी येऊन मला त्यानं हे तीनदा सांगितलं.

तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या बाईंशी तुम्ही बोललात, खिळा कुठे ठोकायचा तेही दाखवलंत असं कळलं. एप्रिल संपायच्या आत त्या वर्गाचे आणि जिन्याचे फोटो काढायला शनिवारी येऊ का? मोबाइल त्याच्याच हातात देईन म्हणते.

तुमची,
दुसऱ्या बाकावरच्या डस्टरवाल्याची आई