आईचे अटल पेन्शन खाते बंद करण्यापूर्वी

पुणे, 8 फेब्रुवारी 2026

तीर्थरूप आई-बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

आईच्या अटल पेन्शनचे हप्ते ऑगस्टपासून गेलेले नाहीत, त्यामुळे आता ते खाते बंद करून साठलेली रक्कम काढावी आणि गोठ्याचे पत्रे बदलून घ्यावेत, असे बाबा परवा फोनवर म्हणाले. फोनवर हा विषय अर्धवट राहिला, आणि तो हिशेबाचा असल्यामुळे समोर कागद असलेला बरा, म्हणून सविस्तर लिहीत आहे. हे पत्र मिळेपर्यंत बँकेत जाऊन कोणत्याही फॉर्मवर आईची सही किंवा अंगठा देऊ नये, ही पहिली विनंती.

हप्ते का थांबले ते आधी सांगते, कारण त्यात कोणाचाही दोष नाही. आईचे पेन्शन खानापूरच्या जुन्या बँक खात्याला जोडलेले आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये पूर्वी त्याच खात्यात येत असत आणि त्यातूनच दरमहा 528 रुपयांचा हप्ता आपोआप वळता होत असे. गेल्या जुलैमध्ये आईने बाजाराजवळच्या बँकेत नवीन खाते उघडले, तेव्हा आधार त्या खात्याला जोडले गेले. सरकारी अनुदान आधार ज्या खात्याला जोडलेले असेल तिकडे जाते, म्हणून गृहलक्ष्मीचे पैसे नव्या खात्यात येऊ लागले आणि जुने खाते रिकामे राहिले. पेन्शनचा हप्ता मात्र अजूनही जुन्याच खात्यातून मागितला जातो. तुम्ही पाठवलेल्या पासबुकाच्या फोटोत हे स्पष्ट दिसते: जुलैपर्यंत दर महिन्याला 528 ची नोंद आहे, आणि त्यानंतर एकही नाही.

आता मुख्य गोष्ट. हप्ते थकणे आणि योजनेतून बाहेर पडणे यांचे परिणाम अगदी वेगळे आहेत. थकलेले हप्ते भरून खाते पुन्हा नियमित करता येते. बाहेर पडल्यावर मात्र आईला या योजनेत परत कधीही येता येणार नाही, कारण अटल पेन्शनमध्ये प्रवेशाचे वय 18 ते 40 आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये आईने नाव घातले तेव्हा तिला 39 वर्षे पूर्ण झाली होती, म्हणून ती शेवटच्या संधीला आत आली. येत्या मे महिन्यात तिला 50 पूर्ण होतील. बाबांचे वय तेव्हाच चाळिशीच्या पुढे असल्यामुळे त्यांना घेता आले नव्हते, हे तुम्हाला आठवत असेलच. आपल्या घरात निश्चित रकमेची पेन्शन मिळण्याची सोय ही एवढीच आहे, आणि म्हणूनच मला तिची इतकी काळजी वाटते.

ऑगस्ट ते जानेवारी असे सहा हप्ते थकले आहेत. योजनेचा नियम असा आहे की हप्त्यातील प्रत्येक शंभर रुपयांना, किंवा त्याच्या भागाला, उशिराच्या दर महिन्यासाठी एक रुपया जास्त भरावा लागतो. 528 मध्ये पाच पूर्ण शतके आणि एक अपुरे शतक आहे, म्हणून महिन्याला सहा रुपये. फेब्रुवारीत भरले तर ऑगस्टच्या हप्त्याला सहा महिन्यांचे 36 रुपये, सप्टेंबरच्या हप्त्याला 30, पुढे 24, 18, 12 आणि जानेवारीच्या हप्त्याला 6, असे मिळून 126 रुपये होतात. सहा हप्त्यांचे 3168 आणि हे 126 मिळून 3294, आणि या महिन्याचा हप्ता धरून एकूण 3822 रुपये. फार मोठा दंड बसला असेल अशी भीती आईला वाटत होती, पण तो एवढाच आहे, आणि हे जास्तीचे पैसेही आईच्याच पेन्शनच्या शिल्लकेत जमा होतात. काही बँका हप्ता परत गेल्याबद्दल स्वतःचे वेगळे शुल्क लावतात. तसे काही लागले आहे का ते पासबुक भरून घेतल्यावर कळेल.

यात एक खबरदारी घ्यावी लागेल. जुन्या खात्यात पैसे आले की बँक शिल्लक असेल तेवढ्यातून थकलेले हप्ते वळते करून घेते. म्हणून बाबांनी काजूचे किंवा भाताचे पैसे, किंवा औषधासाठी बाजूला काढलेली रक्कम, सध्या त्या खात्यात मुळीच भरू नये. नाहीतर काढायला गेल्यावर तीन-साडेतीन हजार कमी दिसतील आणि ते कुठे गेले ते कळणार नाही.

शेजारच्या काकांनी सांगितले की वर्षाला हजार रुपये भरले तरी पेन्शनचे खाते जिवंत राहते. त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण ते त्यांच्या एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या खात्याबद्दलचे आहे. एनपीएसच्या पहिल्या श्रेणीच्या खात्यात वर्षाला किमान 1000 रुपये भरावे लागतात, आणि त्यावर किती भरायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते, कारण तिथे पुढे किती पेन्शन मिळेल याची हमी नसते. अटल पेन्शनमध्ये उलट आहे. साठाव्या वर्षानंतर महिन्याला 2000 रुपये मिळतील हे आधीच ठरलेले आहे आणि त्याबदल्यात 528 चा हप्ताही ठरलेला आहे. त्यामुळे ‘किमान भरणा’ म्हणून काही थोडे भरून इथे भागत नाही. पूर्ण हप्ता भरला नाही तर तो थकीतच राहतो.

मग काहीही न करता खाते तसेच सोडले तर काय होईल? सुरुवातीच्या काळात सहा महिने हप्ता न भरल्यास खाते गोठवणे आणि चोवीस महिन्यांनंतर ते बंद करणे असा नियम होता, आणि गावात अजून तेच सांगितले जाते. तो नियम पुढे बदलला. आता हप्ते थकले म्हणून खाते लगेच बंद होत नाही. पण खाते सांभाळण्याचे शुल्क आईच्या साठलेल्या रकमेतून कापले जात राहते, थकबाकी दर महिन्याला वाढत जाते, आणि भरणाच अपुरा राहिल्यामुळे ठरलेल्या 2000 रुपयांवर विसंबता येत नाही. शिल्लक शून्यावर आली की खाते संपते. आईच्या खात्यात दहा वर्षांचे पैसे असल्यामुळे तशी वेळ लवकर येणार नाही, परंतु जितका उशीर तितकी एकरकमी भरायची रक्कम मोठी होईल, आणि ती आपल्याला जड जाईल.

आता बाबांचा पर्याय. साठ वर्षांच्या आधी स्वेच्छेने बाहेर पडता येते. तेव्हा आईने स्वतः भरलेले पैसे आणि त्यावर मिळालेले उत्पन्न, शुल्क वजा करून, तिच्या बचत खात्यात जमा होईल. ऑक्टोबर 2015 पासून जुलै 2025 पर्यंत 118 हप्ते गेले, म्हणजे आईचे मूळ 62,304 रुपये. मार्च 2016 पूर्वी नाव घातलेल्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या आणि भविष्य निर्वाह निधीसारख्या योजनेत नसलेल्या सभासदांसाठी सरकारने पाच वर्षे, वर्षाला जास्तीत जास्त 1000 रुपये, आपला वाटा दिला होता. मध्येच बाहेर पडणाऱ्याला तो वाटा आणि त्यावरचे उत्पन्न मिळत नाही.

पण सरकारच्या वाट्यापेक्षा मला पुढच्या तीन गोष्टींचे जास्त वाटते. मे 2036 नंतर आईला तहहयात महिन्याला 2000 रुपये मिळायचे आहेत. तिच्यानंतर बाबा असतील तर त्यांना तेवढीच पेन्शन चालू राहते. आणि दोघांच्या माघारी वारसाला 3 लाख 40 हजार रुपये मिळतात. साठीच्या आत आईचे काही बरेवाईट झाले, असे लिहिताना हात अडखळतो पण सांगणे आवश्यक आहे, तर बाबांना राहिलेले हप्ते भरून पेन्शन पुढे चालवता येते किंवा साठलेली रक्कम घेता येते. बाहेर पडल्यावर यातले काहीच उरत नाही.

दहा वर्षांनंतरच्या 2000 रुपयांत आजच्याइतका किराणा येणार नाही, हे मलाही मान्य आहे. तरीही अजून सुमारे 65 हजार रुपये हप्त्यांनी भरून वर्षाला 24 हजार जन्मभर मिळणार असतील, तर पत्र्यांसाठी ते सोडून देणे मला पटत नाही. पत्र्यांचा खर्च मी आणि दादा मिळून करू. त्याबद्दल त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे.

हप्ता खरोखरच झेपत नसेल तर पेन्शनची रक्कम 2000 वरून 1000 वर आणता येते, म्हणजे हप्ताही साधारण निम्म्यावर येतो. हा बदल वर्षातून एकदा करता येतो. पण माझ्या मते आपली अडचण रकमेपेक्षा पैसे हातात येण्याच्या वेळेची आहे. हप्ता तीन किंवा सहा महिन्यांनीही ठेवता येतो. काजूचे पैसे एप्रिल-मेमध्ये आणि भाताचे दिवाळीनंतर येतात, तेव्हा सहामाही हप्ता आपल्याला सोयीचा पडेल का, हे बाबांनी सांगावे.

तूर्त मी असे करते. या आठवड्यात जुन्या खात्यात 3900 रुपये पाठवते आणि मार्चपासून दर महिन्याच्या 3 तारखेला माझ्या खात्यातून 550 रुपये तिकडे आपोआप जातील अशी व्यवस्था करते. गृहलक्ष्मीचे पैसे नव्या खात्यातच येऊ देत. आधार पुन्हा बदलण्याची गरज नाही. बाबांनी पुढच्या सोमवारी खानापूरला जाऊन पासबुक भरून आणावे आणि त्या पानाचा फोटो दादाच्या मोबाईलवरून मला पाठवावा. त्यात सातही हप्ते वळते झालेले दिसले पाहिजेत. एखादा राहिला असेल तर काउंटरवर ‘अटल पेन्शनची थकबाकी किती आहे’ एवढेच विचारावे. तिथले फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत असतात, म्हणून कोणी फॉर्म पुढे केला तर त्याचा फोटो मला पाठवल्याशिवाय सही करू नये. रक्कम कमी करण्याचा, हप्त्याची मुदत बदलण्याचा आणि योजनेतून बाहेर पडण्याचा फॉर्म वेगवेगळा असतो.

त्याच वेळी खात्यावर वारस म्हणून कोणाचे नाव आहे आणि जोडीदार म्हणून बाबांचे नाव बरोबर लागले आहे ना, हेही विचारून घ्यावे. आईच्या आधारवर आणि बँकेत तिचे नाव वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेले आहे, ते मी शिमग्याला आल्यावर आपण दुरुस्त करून घेऊ.

तुमची मुलगी,
वैशाली