डोकेदुखीची गोळी घेण्याआधी पट्टीची मागची बाजू वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेडिकलच्या काउंटरवर उन्हाळ्यात सर्वाधिक ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "डोकं चढलंय, एखादी चांगली गोळी द्या." मागणारा घाईत असतो, देणाराही घाईत असतो. पण मागणाऱ्याला किडनीचा किंवा लिव्हरचा आजार असेल, किंवा पूर्वी पोटात अल्सर झालेला असेल, तर त्या 'चांगल्या गोळी'त नेमकं काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. नाशिकच्या वाचकांसाठी म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

डोकेदुखीसाठी आपल्याकडे जे मिळतं त्याचे ढोबळ दोन गट आहेत. एक म्हणजे साधं पॅरासिटामॉल. दुसरा गट वेदनाशामकांचा: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, नायमेसुलाइड आणि ॲस्पिरिन. वर सांगितलेल्या तिन्ही आजारांत हा दुसरा गट आपल्या मनाने घ्यायचा नाही. अडचण अशी की लोकप्रिय गोळ्यांत बऱ्याचदा दोन्ही गट एकत्र असतात. 'ही पॅरासिटामॉलचीच आहे' असं म्हणून घेतलेल्या गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलबरोबर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनही असतं. समोरच्या मोठ्या नावावरून हे कळत नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, ते वाचावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. वय ६४, वजन ६० किलो, जुना बीपी आणि मधुमेह, रक्तातलं क्रिएटिनिन १.८, म्हणजे किडनीचं काम आधीच मंदावलेलं. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू. चैत्रात सप्तशृंगगडाकडे उन्हातून चालून आल्यावर डोकं ठणकू लागलं आणि वर सांगितलेली मिश्र गोळी दिवसाला तीन याप्रमाणे चार दिवस घेतली. म्हणजे रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन पोटात गेलं. निरोगी माणसाला ही मात्रा बहुधा सोसते. इथे काय होतं ते पाहा. शरीरात पाणी कमी पडलं की किडनीत रक्त आणणारी नलिका प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळे रुंद राहते. आयबुप्रोफेन ते द्रव्यच बनू देत नाही, त्यामुळे येणारं रक्त घटतं. टेल्मिसार्टनमुळे रक्त बाहेर नेणारी नलिका सैल झालेली असते, म्हणून गाळण्यासाठी लागणारा दाब टिकत नाही. लघवीच्या गोळीने आणि घामाने अंगातलं पाणी आधीच कमी केलेलं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या की काही दिवसांतच क्रिएटिनिन झपाट्याने वर जातं आणि पोटॅशियमही वाढतं, जे हृदयाच्या ठोक्यांना धोकादायक आहे.

यात किडनी दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. लघवी कमी होणं, संध्याकाळी पायावर मोजे रुतल्याच्या खुणा दिसणं, दोन-तीन दिवसांत वजन किलो-दोन किलोने वाढणं, बीपी नेहमीपेक्षा जास्त येणं, या खुणा आहेत. त्या दिसल्या तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं आणि क्रिएटिनिन-पोटॅशियम तपासून घ्यावं. वेळीच थांबवलं तर किडनी बरेचदा पूर्वपदावर येते. बीपीच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

याच माणसाने काय करायला हवं होतं? आधी सावलीत बसून बीपी मोजायचं, कारण किडनीच्या रुग्णात डोकेदुखीचं कारण वाढलेलं बीपीच असू शकतं आणि त्यावर वेदनाशामक हा उपाय नव्हे. मग डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत पाणी. त्यानंतर फक्त पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५० ची एक गोळी, आणि गरज पडलीच तर पुढची किमान सहा तासांनी. पाण्यात फसफसणारी पॅरासिटामॉलची गोळी टाळावी, तिच्यात सोडियम बरंच असतं. किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर दोन गोळ्यांमधलं अंतर आणि दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावी.

अल्सर होऊन गेलेल्यांचा एक ठाम समज असतो: जेवून घेतली, सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली, की काही होत नाही. जठराच्या आतलं संरक्षक अस्तर त्याच प्रोस्टाग्लँडिनवर टिकून असतं आणि वेदनाशामक ते रक्तातून कमी करतं. त्यामुळे गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं तरी धोका उरतोच. पँटोप्राझोलसारख्या गोळीने जठरातला धोका कमी होतो, संपत नाही, आणि किडनीला तर तिचा काहीच आधार नाही. हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन रोज चालू असेल तर ती स्वतःहून सोडू नका, पण तिच्यावर डोकेदुखीसाठी आणखी आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका. डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे खरं, पण अल्सर होऊन गेलेल्याने त्यावर विसंबून घरी थांबू नये.

लिव्हरच्या रुग्णांची गफलत उलटी असते. 'पॅरासिटामॉलने लिव्हर जातं' हे ऐकून ते आयबुप्रोफेनकडे वळतात. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कडक होत जाण्याच्या आजारात, ही निवड जास्त घातक आहे, कारण अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ शकतो आणि किडनीही बंद पडू शकते. नायमेसुलाइड तर थेट लिव्हरलाच इजा करू शकतं. पॅरासिटामॉलच इथेही बरं, फक्त मात्रा निम्मी. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, सिरॉसिसमध्ये २ ग्रॅम. ६५० च्या तीन गोळ्या म्हणजे १९५० मिलिग्रॅम, तिथेच थांबायचं. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, तेही याच हिशोबात धरायचं. कडक उपास चालू असेल, खाणं सुटलं असेल किंवा दारू चालू असेल, तर पॅरासिटामॉलपासून तयार होणारं विष निकामी करणारा लिव्हरमधला साठा आटलेला असतो. अशा वेळी २ ग्रॅमही सुरक्षित धरू नये, डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी. डोळे पिवळे झाले असतील किंवा पोटात पाणी झालं असेल, तरीही तसंच.

महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस साधी गोळी लागत असेल, कॅफिनवाली मिश्र गोळी १० दिवस लागत असेल, तर गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते आहे का, हे तपासायला हवं. अचानक उठलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, किंवा सोबत ताप आणि मान आखडणं, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं असेल, तर ती गोळीने दाबायची नाही.

काउंटरवर एवढंच म्हणा: "मला किडनीचा त्रास आहे, नुसतं पॅरासिटामॉल द्या, मिश्र नको." लिव्हरचा किंवा अल्सरचा असेल तर तसं सांगा. चालू औषधांची चिठ्ठी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि ती दाखवा. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, दोन-चार गोळ्या कापून देताना घटकांचा मजकूर दुसऱ्या तुकड्यावर राहिला, तर तो पाकिटावर पेनाने लिहून द्या. ग्राहकांनीही तो लिहून मागावा.

आपला विश्वासू,
एक फार्मासिस्ट, पंचवटी, नाशिक