मिक्सरचा जार खालून गळतोय त्याबद्दल

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की जार खालून गळतोय आणि नुसता वॉशर आणून बदलतो, तेव्हा मी घाईत होतो म्हणून नीट बोललो नाही, पण ते डोक्यातून जाईना. माझा दीड लिटरचा जार असाच गळत होता, मीही नुसता वॉशर बदलला आणि चार दिवसांनी परत तेच. ते का झालं ते कळायला मला सगळं दुसऱ्यांदा खोलावं लागलं, तुला ते करावं लागू नये म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट कर. जार उलटा करून खालचा कपलर, म्हणजे ते काळं दातेरी चाक, काढून टाक. त्याशिवाय पाणी कुठून येतं ते दिसतच नाही. कपलर काढताना दिशेचा घोळ होतो म्हणून सांगतो. ब्लेडची धार ज्या दिशेला पुढे आहे त्या दिशेनं ते फिरतं, आणि त्याच दिशेनं कपलर फिरवला की तो घट्ट होतो, म्हणजे चालू असताना तो स्वतःच आवळत राहतो. म्हणून आतलं ब्लेड जाड फडक्यात गुंडाळून घट्ट धर आणि कपलर उलट दिशेनं फिरव. जार उलटा धरला की घड्याळाची दिशाही उलटी दिसते, तिथेच माणूस चुकतो, त्यामुळे डावं-उजवं पाठ करू नको, ब्लेडची धार बघूनच ठरव. निघालाच नाही तर मध्यभागी गरम पाणी ओत, मग शिलाईमशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकून अर्धा तास ठेव. जोर लावून कपलरचे दाते मोडू नकोस.

आता जारमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी घाल, खालचा भाग कोरडा पूस, जार वर उचलून धर आणि खालून बघत बघत मधला दांडा बोटांनी फिरव. जार तडकलेला नसेल तर पाणी दोनच ठिकाणांहून येऊ शकतं. एक म्हणजे मोठ्या नटाच्या कडेनं, ते वॉशरचं किंवा नटाचं काम. दुसरं म्हणजे अगदी मधून, दांड्याला लागून, ते बुशचं काम. दांडा ज्या धातूच्या नळीत फिरतो ना, ती बुश. ती झिजली की तिथून पाणी येतं आणि बऱ्याचदा काळं तेलकट पाणीही येतं. बुश गेली असेल तर वॉशर कितीही नवा घाल, काही फरक पडणार नाही, ब्लेडचा आख्खा सेटच बदलावा लागतो.

पण माझ्याकडे झालं काय, की नुसतं पाणी भरून ठेवलं तर एक थेंब नाही, आणि मिक्सर चालू केला की खाली ओल. मला वाटलं बुशच गेली. मग ब्लेड धरून हळूच आडवं हलवून बघितलं आणि तिथे उत्तर मिळालं, कारण ब्लेड एकटं हलत नव्हतं, त्याच्याबरोबर खालचा नट आणि बुश ज्यात बसते ते बुशचं घर सगळंच मिळून किंचित हलत होतं! म्हणजे बुश ठीक होती, ते घर जारच्या तळाला घट्ट बसलेलंच नव्हतं. उभा असताना वॉशर कसाबसा पाणी धरून ठेवायचा, पण फिरताना थरथर सुरू झाली की फट उघडायची. तू हीच तपासणी कर. फक्त दांडा घरात खुळखुळत असेल तर बुश, सगळं एकत्र हलत असेल तर नट.

आणि नट सैल का झाला, तर आधी कोणीतरी पक्कडीनं आवळलेला होता. नटाचे कोपरे गोल झालेले, आतले आटे झिजलेले, त्यामुळे मी नवा वॉशर घालून कितीही आवळला तरी शेवटच्या थोड्या फेऱ्यात तो नुसताच फिरायचा, पकड घ्यायचाच नाही. मला तेव्हा वाटलं की बसला घट्ट. म्हणून वॉशर आणशील तेव्हा नटही आण, आणि जुना नट व बुशचं घर दोन्ही सोबत घेऊन जा, तिथेच नवा नट हातानं चढवून बघ. दोनतीन आट्यांनंतर डुगडुगला तर आटे वेगळे आहेत, तो घेऊ नको. घराचेच आटे गेले असतील तर मात्र नट बदलून उपयोग नाही, परत आख्खा सेटच.

वॉशरचं माप जुन्या वॉशरवरून घेऊ नको. तो दबून पसरलेला असतो, माझा तर बाहेरून मोठा आणि जाडीला पातळ झाला होता आणि बोटानं दाबला तरी दबत नव्हता. माप घराच्या गळ्यावरून घे. वॉशर गळ्यावर किंचित ताणून बसला पाहिजे, सैल नको. अन्नासाठी चालणारा सिलिकॉनचा मिळाला तर तोच घे, तो गरम पदार्थाला जास्त टिकतो.

बसवताना जारच्या तळावरचा जुना चिकटा लाकडी काडीनं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवड, सुरीनं नको, कारण तिथे ओरखडा पडला की तीच पाण्याची वाट होते. वॉशर आतल्या बाजूनं, घराची कडा आणि जारचा तळ यांच्या मध्ये येतो. त्याला पाण्याचं बोट लाव म्हणजे आवळताना पिळणार नाही. मग खालून नट हातानं जितका जाईल तितका आवळ आणि नंतर बरोबर मापाच्या पान्यानं साधारण पाव फेरा, बस. आत बघ, वॉशर सगळीकडून सारखा दिसला पाहिजे, एका बाजूनं बाहेर डोकावत असेल तर जास्त आवळलंय, सोडून परत बसव. आणि हे फार मनापासून सांगतो, कुठलाही गोंद किंवा सीलंट लावू नको, तिथे खाण्याचा पदार्थ लागतो आणि पुढच्या वेळी ते घर निघत नाही ते वेगळंच.

कपलर लावायच्या आधी दांडा बोटानं मोकळा फिरतोय ना ते बघ. मग जार पाणी भरून कागदावर दहा मिनिटं उभा ठेव, नंतर कपलर लावून मिक्सरवर अर्धा मिनिट चालव आणि खाली कोरडं फडकं फिरव. नवं रबर थोडं दबतं, त्यामुळे आठवड्यानं कपलर काढून नट परत एकदा तपास, माझा तेव्हा अगदी थोडा आवळावा लागला आणि त्यानंतर आजपर्यंत कोरडा आहे.

तोवर हा जार वापरू नकोस रे. ते पाणी सरळ खालच्या मोटरच्या कपलरवर पडतं आणि तिथून मोटरच्या वरच्या बेअरिंगपर्यंत जातं, मग वॉशरचं काम मोटरवर जाईल. कपलर काढून पाणी कुठून येतंय ते बघ आणि ब्लेड हलवल्यावर नट हलतो का तेही, दोन्ही मला कळव, म्हणजे काय आणायचं ते नक्की सांगतो.

तुझा,
बाळ्या