फोटोखाली काय लिहायचे

स्टुटगार्ट,
भाऊबीज

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

सोबत सईने काढलेल्या पहिल्या रांगोळीचा फोटो पाठवीत आहे. बाबा, तो चाळीच्या फळ्यावर लावताना खाली काय लिहायचे, असे तुम्ही विचारले होते. कृपया एवढेच लिहावे: 'कु. सई, वय वर्षे 5. कासव. कमळ नव्हे.' शेवटचे दोन शब्द गाळू नयेत, ती कलावतीची अट आहे.

आई, खरे तर ते कमळच व्हायचे होते. तू फोनवर सांगितलेस त्याप्रमाणे मधल्या ओळीत 5 ठिपके, तिच्या वर 4 आणि 3, खालीही 4 आणि 3, असे एकूण 19 ठिपके आम्ही ठरवले होते. वरचा अर्धा भाग सईने चोख काढला, म्हणजे प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध आला. खालच्या अर्ध्यात मात्र तिने ठिपके डावीकडून सुरू करून थेट एकाखाली एक दिले. मी मोजले तर 19च भरले, त्यामुळे मला संशय आला नाही. ठिपके मोजायचे नसतात, तिरके पाहायचे असतात आणि तिरप्या ओळी मध्येच मोडल्या की चूक झाली, हे मला फार उशिरा कळले. मनूच्या रांगोळीवर पाय पडला म्हणून मार खाणे, एवढाच माझा या कलेशी आजवरचा संबंध!

मधल्या ठिपक्यापासून सहा कोपऱ्यांकडे पाकळ्या काढल्या, तेव्हा खालची डावी पाकळी लांब फेकली गेली आणि उजवी सरळ खाली लोंबली. मी पुसायला हात पुढे केला, तर सई म्हणाली, "बाबा, ते चालतंय." नीट पाहिल्यावर मलाही पटले: आडव्या दोन पाकळ्या म्हणजे डोके आणि शेपूट, उरलेल्या चार म्हणजे पाय, आणि त्यांतला एक पुढे टाकलेला. बापाचे कौतुक सोडून दिले तरी ते कासव चालत आहे, हे तुम्हालाही मान्य करावे लागेल.

रेघ जाड-बारीक दिसते, त्यात तिचा दोष नाही. आमची आणलेली रांगोळी संपली होती, म्हणून तांदळाचे पीठ वापरले. ते चिमटीतून धारेने सुटत नाही, गोळ्यागोळ्यांनी पडते. मंद आचेवर कोरडेच भाजून त्यात तेवढाच बारीक रवा मिसळला, तेव्हा कुठे ते सुटू लागले. गेरू नव्हता, म्हणून लाकडी फळीवर काळा कागद चिकटवला.

फळीच का, जिन्यातल्या फरशीवर का नाही, हे सांगण्यासाठी इथली एक रीत समजावून सांगावी लागेल. तिला 'केअरवोख' म्हणतात. इमारतीचा जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी प्रत्येक घराकडे येते आणि ज्या घराची पाळी, त्याच्या दाराला एक पाटी टांगलेली असते. जिना स्वच्छ असला तरी झाडायचाच, आणि आपण झाडतो आहोत हे शेजाऱ्यांना दिसलेले बरे. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला जाते. बाबा, आपल्या गॅलरीत तुम्ही तीस वर्षे जे घडवून आणू शकला नाहीत, ते इथे एक पाटी करते. या आठवड्यात पाटी समोरच्या आजीबाईंकडे होती आणि त्यांच्या पाळीत आपण जिन्यात पीठ सांडणे मला प्रशस्त वाटेना. त्या झाडू घेऊन आल्या, फळीभोवतीने काळजीपूर्वक झाडून गेल्या आणि "कासव छान आहे," असे आपणहून म्हणाल्या. सईने तेव्हापासून कमळाचे नाव टाकले आहे.

आई, ती उघड्या जिन्यात थंडीत बसली नव्हती. दार बंद असते, अंगात स्वेटर होता, आणि फोटोत हडकुळी दिसते ती केवळ उजेडामुळे. फराळही केला होता. चकल्या तुटल्या, पण संपल्या.

मनूच्या लग्नाच्या हॉलसाठी दोन लाख रुपये काल पाठवले आहेत, उरलेले पुढच्या महिन्याच्या पगारानंतर पाठवीन. बाबांनी ठेव मोडू नये. रजेचे मात्र अजून नक्की नाही. दहा दिवस मागितले आहेत, चारच मिळतील असे दिसते. साखरपुड्याला आलो नाही म्हणून मनू फोनवर फार बोलत नाही, ते माझ्या लक्षात आले आहे. तिला सांगा, सई आणि तिची आई पंधरा दिवस आधीच येतील. दारातली रांगोळी आपणच काढणार, असे सईने परस्पर जाहीर केले आहे, तेव्हा व्याह्यांना कासवाची आगाऊ कल्पना देऊन ठेवावी.

तुमचा,
अभय