नवी सून दारात उभी राहील तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाळूचं लग्न आठवड्यावर आलंय. मांडव, आहेर, वाजंत्री हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बघता. मला बोलायचंय ते वरात बैलहोंगलहून आपल्या दारात आल्यानंतरच्या दोन-तीन तासांबद्दल. त्या वेळी ती तुम्हांला पहिला नमस्कार करणार.

आधी तिच्या बाजूनं तो दिवस कसा जाईल ते बघा. पहाटे उठून न्हाणं, मग शालू, दागिने, मुहूर्त, फोटो, पाहुण्यांच्या रांगा. जेवण नावाला, पाणी त्याहून कमी. निघताना आईच्या गळ्यात पडून रडणं. मग बेळगाववरून खानापूरपर्यंतचा गाडीतला प्रवास. दारात उतरेल तेव्हा तिच्या पायांत त्राण नसेल. आणि आपल्याकडं नेमका त्याच वेळी सगळा भावकीचा गोतावळा सोप्यात बसलेला असतो, आणि प्रत्येकाला वाकून नमस्कार हवा असतो.

दारातलं सगळं होऊ दे. भाकरतुकडा ओवाळून टाका, पायावर पाणी घाला, तांदळाचं माप ओलांडू दे. ते तिला परकं वाटणार नाही, त्यांच्याकडंही सून तांदळाचं शेर पायानं लवंडून आत येते. देवापुढं दोघांनी हात जोडले की नमस्कार फक्त तुम्हां दोघांना आणि आजीला. बाकीच्यांचा दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर. बाबा, हे तुम्हीच मोठ्यानं सांगायला हवं, "आता पोरीला विसावा घेऊ दे, बाकीचं उद्या." आईनं सांगितलं तर मोठ्या काकू ऐकणार नाहीत, तुमच्यापुढं कुणी बोलणार नाही.

ती लिंगायत घरातली. कदाचित पायाला हात लावण्याआधी हात जोडून "शरणु" म्हणेल. तोच तिचा नमस्कार. "असं नाही, खाली वाक" असं कुणाच्या तोंडून निघालं तर ती पुढं कितीतरी दिवस प्रत्येक गोष्ट करण्याआधी थांबून बघेल. आई, तू आधी बोल. "बारव्वा" म्हण आणि हाताला धरून आत घे. शनिवारच्या बाजारात तू कन्नडात एवढा भाव करतेस, घरात लाजू नकोस. तिचं मराठी समजण्यापुरतं आहे, पण दहा माणसं एकदम बोलायला लागली की तेही समजणार नाही. म्हणून कोण कोण आहे ते एकेकाचं नातं सांगून ओळख करून द्या. तुम्हांला काय म्हणायचं तेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. आत्ती आणि मामा म्हण म्हणालात तर तिला सोपं जाईल, तिच्या घरीही अत्ती आणि माव असंच म्हणतात. हे न सांगितल्यामुळं माझी एक जाऊ कित्येक दिवस सासूला हाकच मारत नव्हती, जवळ जाऊन उभी राहायची.

ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिहायचं, ते यंदा नको. बाळूनं तिला विचारलंय, तिला तिचं नाव ठेवायचंय. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदाही नाही, आणि तिचे मार्कलिस्ट, आधार, बँकेचं पासबुक सगळं त्याच नावावर आहे. भटजी विचारतील तेव्हा ताटात तिचंच नाव लिहायला सांगा. विधी मोडत नाही.

आता खरं कामाचं. तिला लगेच एक खोली हवी, जिला आतून कडी आहे. माजघराशेजारची आहे तिची कडी सैल झालीय, ती सुताराकडून लग्नाआधी बसवून घ्या. तिच्याबरोबर पाठराखीण येईल, तिची झोपायची सोय त्याच खोलीत करा, बायकांच्या गर्दीत नको. पाठराखीण म्हणजे त्या घरात तिची एकच ओळखीची व्यक्ती. आणि आई, संडास-न्हाणी परड्यात आहे, हे तूच तिला स्वतः दाखव, रात्रीचा दिवा कुठला तेही. नवी मुलगी विचारत नाही. परड्यात पुरुष बसलेत म्हणून ती जातच नाही, आणि जायला लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. मग दुसऱ्या दिवशी चक्कर आणि लघवीची आग. त्या रात्री पुरुषांची बैठक पुढं अंगणात हलवा. तिची पाळी आली असेल तर तिनं ते कुणासमोर सांगावं लागू नये. "तुला काही अडचण असली तर मला एकटीला सांग" एवढं खोलीत गेल्यावर तू म्हण. मग पूजेला बसायचं की नाही ते तिच्यावर सोड, आणि कुणाला कारण देऊ नकोस.

तिच्या गळ्यात इष्टलिंग असेल. ते ती काढत नाही. सकाळी न्हाल्यावर डाव्या तळहातावर ठेवून पूजा करते आणि मगच खाते. त्यासाठी तिला विभूती, फुलं, स्वच्छ पाणी आणि शांत जागा लागेल. चहा घेऊन कुणीही दार वाजवू नये. आपल्या देव्हाऱ्यात तिनं काय करायचं हे तिला हळूहळू कळेल. पहिल्या सकाळी ती आधी तिची पूजा करू दे.

आणि वशाट. हळद उतरली की आपल्याकडं मटणाचं जेवण असतं, भावकी त्याचीच वाट बघत असते. ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण तिच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. चूल परड्याच्या टोकाला मांडा, भांडी वेगळी ठेवा, आणि त्या दिवशी तिला वाढायला किंवा पंगतीला बोलावू नका. आमच्या गल्लीतल्या एका घरात सुनेला कौतुकानं पहिलं ताट वाढायला लावलं होतं. तिनं वाढलं, हसलीही, आणि रात्रभर ओकत होती. घरच्यांना वाटलं, पित्त झालं. तिचं पहिलं जेवण साधंच ठेवा, जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, दही, एक पालेभाजी. हे ती घरी रोज खाते. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. सगळ्यांसमोर घास मोजत बसू नका, पाठराखिणीबरोबर खोलीत ताट द्या.

ती रुळतेय का, हे तिला विचारून कळणार नाही. "बरं आहे" असंच म्हणेल. ताटात अर्धी भाकरी राहतेय का, तांब्या तसाच भरलेला आहे का, दार वाजलं की दचकून पदर सावरतेय का, ते बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही असंच असेल तर बाळूला सांगून तिला दोन दिवस माहेरी पाठवा. मांडव परतणीला जाणारच आहेत, थोडं आधी जातील.

झोपण्याआधी तिला तिच्या आईला फोन करू दे, दार लावून, कितीही वेळ. कन्नडात बोलेल, रडेलही. कुणी कान देऊ नये, मागाहून "काय म्हणाली आई" असंही विचारू नये.

मी लग्नाच्या चार दिवस आधी येते. भावकीतल्या बायकांना नमस्कार उद्या सकाळी हे सांगायचं काम माझ्याकडं द्या. कडी मात्र माझ्या येण्याची वाट न बघता बसवून घ्या, लगीनसराईत सुतार मिळत नाही.

तुमची,
थोरली